पिवळ्या पुस्तकावर परदेशप्रवास

प्रश्न: भारतातल्या तिबेटी लोकांकडे पासपोर्ट नसतो ना? मग ते परदेशात कसे जातात? त्या पिवळ्या पुस्तकावर कुठेही जाता येतं का?

जाता येतं, पण कुठेही नाही. त्या पुस्तकाला आम्ही आयसी म्हणतो, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट. भारत सरकारच देतं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्गेलिंग वसाहतीतला, जन्म १९८९ चा. दादाचा १९८५ चा. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिबेट्यांच्या बाबतीतही मान्य केलं. दादाने आरसी, म्हणजे इथे राहण्यासाठी तिबेट्यांना मिळणारं नोंदणीपत्र, आणि आयसी परत करून पासपोर्ट काढला. त्या तारखेनंतर जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक जण भारतीय लागतो. आमचे दोघेही तिबेटातून आलेले, म्हणून मी अजून आयसीवरच.

चुलतबहिणीच्या लग्नाला दोघं स्वित्झर्लंडला निघालो. व्हिसा दोघांकडेही होता. काउंटरवर दादाचं सामान पट्ट्यावरून गेलंसुद्धा. माझं पुस्तक त्या मुलीने पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाली, “हे ठीक आहे सर, पण पासपोर्ट?” सुपरवायझर आले, कॉम्प्युटरमध्ये नियम शोधत बसले, कुणाला तरी फोन केला. त्यांचाही नाइलाज असतो. चुकीचा माणूस चढवला तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीच्या माथी येतो. शेवटी बोर्डिंग बंद होता होता सोडलं. दादा पलीकडून हसत होता.

खरी मेख परतीत आहे. १९५१ च्या निर्वासित करारातलं प्रवासपत्र देणारा देश, ते पुस्तक मुदतीत असेपर्यंत, माणसाला परत घ्यायला बांधलेला असतो. भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही. म्हणून नुसत्या आयसीवर परत येता येत नाही. निघण्याआधी एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय, तिथून एक्झिट परमिट आणि रिटर्न व्हिसा घ्यावा लागतो. व्हिसा देणारा अधिकारीही आधी हेच बघतो, की उद्या याला परत पाठवायचं झालं तर भारत घेईल का? कुठल्याकुठल्या वकिलाती तर आयसी हातातही घेत नाहीत.

तिकीट काढताना थेट विमान बघा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मधल्या विमानतळावर भारतीय पासपोर्टवाल्याला जी सूट मिळते ती आयसीवाल्याला मिळेलच असं नाही. तिथे ट्रान्झिट व्हिसा मागितला की बसा.

दादा म्हणतो, कागदच तर आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस! त्याच्या मुलांनाही पासपोर्ट मिळतो, त्याला बोलायला काय जातंय? एकदा माझं पुस्तक घेऊन त्या काउंटरवर उभं राहून दाखव म्हणावं.

हां, आणि आरसीची मुदत संपत आली असेल तर आधी ती वाढवून घ्या. तिच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. एक्झिट परमिटचे नियमही अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.