माझ्या ‘शंका’ आणि गेलेली सीट

“दादा, मी सांगलीचाच, विश्रामबागला राहतो. जानेवारीत बायको-मुलीसह नोकरीसाठी इंग्लंडला चाललोय. व्हिसाचं सगळं वाचलंय. इंग्रजी ठीक आहे, ऑफिसात रोज मेल लिहितो. तिथं लिहिताना काही वेगळं करावं लागतं का?”

सांगलीचा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. तुझा प्रश्न वाचून मी नऊ वर्षांपूर्वीचा एक मेल शोधून काढला आणि रात्री दीडपर्यंत त्याच्याकडं बघत बसलो.

मुलगी तेव्हा सात वर्षांची. घराजवळच्या शाळेत एकच जागा होती आणि ती घेताय का, असं शाळेनं विचारलं होतं. मला विचारायचं होतं एवढंच की युनिफॉर्म कुठं मिळतो आणि जेवणात शाकाहारी काही असतं का. पण आधी रीतसर लिहावं म्हणून मी लिहिलं, “वुई हॅव सम डाउट्स रिगार्डिंग द सीट. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक टुडे इटसेल्फ.”

दोन दिवसांनी उत्तर आलं. मन मोकळं केल्याबद्दल आभार, तुमची खात्री नसल्यामुळं जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली आहे. पोरगी दीड वर्ष दोन बस बदलून लांबच्या शाळेत गेली. आपण बाहेरचे म्हणून असं केलं, हे मी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. एक फोन करून विचारायला शाळेचं काय जात होतं, हे मी अजूनही म्हणतो. पण मेल माझा होता.

आता तो त्यांच्या डोळ्यांनी वाच. आपल्याकडं शंका म्हणजे प्रश्न. वर्गात हात वर करून “सर, शंका आहे” म्हणतो, त्यात सरांवर अविश्वास नसतो. तिथं ‘डाउट’ म्हणजे मन धजत नाही, पटत नाही. शाळेतल्या जागेला ते ‘प्लेस’ म्हणतात, सीट म्हणजे बसायची. ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, उत्तर देणं नव्हे. ‘टुडे इटसेल्फ’ हा आपल्या ‘आजच’मधला ‘च’. तिथं नुसतं ‘टुडे’ पुरतं.

राहिलं ‘नीडफुल’. शब्द इंग्रजांचाच, त्यांच्याकडं मागं पडला, आपल्या कचेऱ्यांत टिकला. माझे वडील कचेरीत कारकून. “वरील विषयास अनुसरून, योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती” हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्या वाक्यात कुणी करायचं ते नाही, काय करायचं तेही नाही. साहेबाला काम सांगायचं नाही, त्यानं ओळखायचं, ही त्यातली अदब. पण शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी काय ओळखायचं? डाउट आहे म्हणतोय आणि योग्य ते करा म्हणतोय, तर त्यांनी योग्य ते केलं.

आणि ‘काइंडली’. आपल्याला तो ‘कृपया’ वाटतो. तिथं बऱ्याच कानांना तो दटावल्यासारखा लागतो, आणि फसवणुकीच्या मेलमध्येही फार दिसतो. माझा एक मेल अकाउंट्सच्या माणसानं म्हणूनच दोन दिवस उघडला नव्हता, असं त्यानंच हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आज मी तोच मेल असा लिहीन: होय, आम्हाला जागा हवी आहे. दोन प्रश्न आहेत, ‘क्वेश्चन्स’. युनिफॉर्म कुठून घ्यायचा? शाकाहारी जेवण मिळतं का? “कुड यू लेट मी नो बाय फ्रायडे?” होकार पहिल्या ओळीत, मग प्रश्न, मग वार. ‘कुड यू’ आपल्याला मिळमिळीत वाटतं, जमलं तर करा असं. तिथं ती रीतसर विनंती आहे आणि काम होतं. गंमत म्हणजे हेच वाक्य मी आमच्या पुण्याच्या टीमला पाठवलं, तर त्यांना ते खरंच ‘जमलं तर’ वाटलं आणि आठवडाभर कुणी हललं नाही. तिकडं ‘प्लीज डू द नीडफुल’ म्हणालो की संध्याकाळपर्यंत होतं. म्हणून सगळं पुसून टाकू नकोस, कुणाला लिहितोयस ते बघ.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस. रविवारी दुपारी येतो, कपडे इस्त्री करेपर्यंत जातो.

मुलगी आता सोळाची आहे. माझे महत्त्वाचे मेल तीच तपासते. गेल्या महिन्यात ‘रिस्पेक्टेड सर’ खोडून तिनं माणसाचं नुसतं पहिलं नाव टाकलं, म्हणाली, “बाबा, अर्ज नाहीये हा.” ती शाळा कशी गेली हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, जागाच नव्हती.