ब्रेकपेक्षा फॉर्म महाग पडतो

"मॅडम, बाळ दोन वर्षांचं झालंय, सासूबाईंना आता होत नाही म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतली नोकरी सोडली. पाच वर्षं तरी घरीच राहावं लागेल. घरचे म्हणतात, पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुझी झाली नाहीत, मग पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून मोकळी हो. माझी पेन्शन बुडालीच का? काढून घेऊ का?"

ताई, बुडालेली नाही. पीएफचं नंतर बघू, पण पेन्शनचे पैसे काढू नका. का ते तुमच्याच आकड्यांवर सांगते.

तुमचं वय 34. लग्नाआधी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या कारखान्यात 3 वर्षं 2 महिने, मग बेळगावात 4 वर्षं 7 महिने, म्हणजे एकूण 7 वर्षं 9 महिने. शेवटचा पगार 18,000, पण पेन्शनसाठी सध्या 15,000 पर्यंतचाच पगार धरतात. मालकाच्या वाट्यातून या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात. पेन्शन काढायचा हिशेब असा: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. 15,000 पगारावर एका वर्षाची किंमत महिन्याला साधारण 214 रुपये होते. शेवटी बेरीज करताना सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. नोकरी 20 वर्षं भरली तर वर दोन वर्षं वाढवून मिळतात.

आता तीन वाटा बघा. तिन्हीत 58 व्या वर्षापर्यंत काम आणि पगाराची मर्यादा 15,000 धरली आहे.

ब्रेक घेतलाच नसता, तर नोकरी 31 वर्षं 9 महिने झाली असती. ती 32 धरून वर दोन, म्हणजे 34 वर्षं, आणि पेन्शन 7,286 रुपये. पाच वर्षं घरी राहून 39 व्या वर्षी परत लागलात आणि जुनी वर्षं जपलीत, तर 26 वर्षं 9 महिने होतात. ती 27 आणि वर दोन, म्हणजे 29. पेन्शन 6,214. म्हणजे ब्रेकमुळे महिन्याला 1,071 रुपये कमी.

तिसरी वाट घरचे सुचवतात ती. आज पैसे काढलेत की मागची वर्षं पुसली जातात. परतल्यावरची फक्त 19 वर्षं उरतात, आणि 20 भरत नाहीत म्हणून ती दोन वर्षंही हातची जातात. पेन्शन 4,071. ब्रेकने 1,071 नेले, एका फॉर्मने आणखी 2,143 नेले. त्याच्या बदल्यात आज हाती येतील एक लाख तेरा ते एक लाख तीस हजारांच्या दरम्यान. घरात रोजचा खर्च चालवायचा असतो, तेव्हा ही रक्कम मोठी वाटते, ते समजतं. पण महिन्याला 2,143 म्हणजे पाच वर्षांतच तेवढे पैसे पेन्शनमधून परत येतात, आणि पेन्शन तर पुढे जन्मभर चालू राहते.

दहा वर्षांची अट आहे हे खरं. पण ती सलग दहा वर्षांची नाही. मधे कितीही खंड पडला तरी तुकडे जोडून दहा झाली की पेन्शनचा हक्क लागतो. तुम्हाला तेवढ्यासाठी सव्वादोन वर्षंच हवी आहेत.

सायबरमध्ये गेलात तर एक सांभाळा. तिथे बहुतेक वेळा फॉर्म 19 आणि फॉर्म 10C दोन्ही एकदम भरतात. 19 हा पीएफच्या रकमेचा आणि 10C पेन्शनच्या पैशाचा. पैशाची फारच गरज लागली तर पीएफच्या रकमेतून भागवा आणि 10C वर पैसे मागू नका. फक्त 19 भरला तर पेन्शनची वर्षं शाबूत राहतात. 10C वर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेटही मागता येतं, त्यात तुमची वर्षं नोंदवून मिळतात. पण परत नोकरीला लागायचं पक्कं असेल तर तेही आज लागत नाही.

पगाराच्या मर्यादेचा आणखी एक खड्डा आहे, तो बायकांना परतल्यावर कळतो. पैसे काढून सदस्यत्व संपवलं आणि पुढे 15,000 पेक्षा जास्त पगारावर लागलात, तर सध्याच्या नियमाने तुम्हाला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. 2014 च्या सप्टेंबरपासूनचा हा नियम आहे. वर्षं जपलीत तर तुम्ही जुन्या सदस्य राहता आणि जास्त पगारावरही योजनेत चालू राहता.

आता तुमच्या पासबुकात खरं दुखणं काय ते सांगते. तुमचे यूएएन, म्हणजे पीएफचे कायमचे नंबर, दोन आहेत. गोकुळ शिरगावात माहेरच्या नावाने एक निघाला, बेळगावात सासरच्या नावाने नवा. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीचा याच्याशी काही संबंध नाही, योजना केंद्राची आहे, दोन्हीकडची वर्षं सारखीच मोजतात. पण दोन यूएएन जोडले नाहीत तर कोल्हापूरकडची 3 वर्षं 2 महिने मोजणीत येणार नाहीत. शेवटी तीन वर्षं कमी, म्हणजे महिन्याला 643 रुपये.

जोडायचा क्रम असा. आधी जुन्या यूएएनवरचं नाव आधारशी जुळवा. त्यासाठी जॉइंट डिक्लरेशन हा दुरुस्तीचा अर्ज, सोबत लग्नाचा दाखला. आधारवरचं स्पेलिंग आणि पीएफवरचं स्पेलिंग एका अक्षराने जरी वेगळं असलं तरी अर्ज परत येतो, म्हणून दोन्ही समोर ठेवून अक्षर अक्षर बघा. मग पीएफच्या वेबसाइटवर View मधल्या Service History मध्ये दोन्ही नोकऱ्यांची सोडल्याची तारीख भरलेली आहे का ते पाहा. नसेल तर Manage मध्ये Mark Exit आहे, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की ते स्वतः भरता येतं. त्यानंतर Online Services मधून One Member – One EPF Account वर ट्रान्सफरचा अर्ज करा. ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही आणि बायका घाबरून जातात. तिथे पैसे सरकतच नाहीत, फक्त वर्षांची नोंद सरकते. ती अ‍ॅनेक्श्चर के या कागदात येते, त्यात कोल्हापूरचे 3 वर्षं 2 महिने उतरलेत का तेवढं तपासा.

बाळंतपणाच्या रजेचंही विचाराल. तुमचा पगार ईएसआय या कामगार विमा योजनेच्या 21,000 च्या मर्यादेच्या आत होता, त्यामुळे त्या 26 आठवड्यांचे पैसे ईएसआयने दिले, मालकाने पगार दिला नाही. त्या काळात पेन्शनची वर्गणी जात नाही आणि ते दिवस वजा होतात. मालकच पगार देत असेल तर वर्गणी चालू राहते. वर धरलेल्या 4 वर्षं 7 महिन्यांत ही वजावट आधीच झालेली आहे.

उरलं ते ब्रेकचं 1,071 चं भगदाड. घरी बसून या पेन्शन योजनेत स्वतः पैसे भरता येत नाहीत. पण तुम्ही आयकर भरत नसाल तर बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शन योजना घ्या. 34 व्या वर्षी महिन्याला 165 रुपये भरले तर साठीनंतर 1,000 रुपयांची हमी पेन्शन मिळते. ती 40 पर्यंतच घेता येते आणि उशीर केला की हप्ता वाढतो, पस्तिशीलाच 181 होतो. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून त्या खात्यात घरखर्चाचे पैसे ठेवू नका, वेगळं खातं काढा. शिल्लक नसली की दंड लागतो.