लाटेतली प्रति मीटर पॉवर आणि २ मीटरचा फ्लोट: खरंच किती वीज मिळते?

प्रश्न: समुद्राच्या लाटांमध्ये प्रति मीटर २०-३० किलोवॅट पॉवर असते असं वाचलं. मग मी २ मीटर व्यासाचा तरंगता फ्लोट बनवून खाली जनरेटर जोडला तर ४०-६० किलोवॅट मिळायला हवेत ना? निदान १० तरी?

नाही मिळणार. साधारण समुद्रात १ किलोवॅटच्या आसपास धरा आणि वर्षाची सरासरी काढलीत तर त्याच्याही निम्मं. आता का ते सांगतो, कारण यातला अर्धा घोळ फॉर्म्युल्याचा आहे आणि अर्धा फ्लोटचा, आणि दुसरा अर्धा जास्त इंटरेस्टिंग आहे.

आधी प्रति मीटरचं बघू. खोल पाण्यात, खऱ्या समुद्रातल्या मिसळलेल्या लाटांसाठी हिशोब असा: प्रति मीटर किलोवॅट = ०.४९ × उंची × उंची × पीरियड. उंची म्हणजे सिग्निफिकंट उंची, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, तळापासून माथ्यापर्यंत, मीटरमध्ये. पीरियड म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचा वेळ, सेकंदात, आणि तो एनर्जी पीरियड, फोरकास्टमध्ये बहुतेक वेळा पीक पीरियड देतात तो अंदाजे ०.९ ने गुणून घ्यायचा. नेटवर दुसरा एक फॉर्म्युला फिरतो ज्यात ०.४९ च्या जागी जवळपास १ असतो, तो चुकीचा नाहीये पण तो सगळ्या लाटा एकाच उंचीच्या असतील तरच, म्हणजे प्रयोगाच्या टँकमधल्या लाटांसाठी. त्यात सिग्निफिकंट उंची घातली की उत्तर सरळ दुप्पट येतं आणि लोक खूश होतात. शिवाय हे सगळं खोल पाण्याचं, म्हणजे लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त खोली हवी. किनाऱ्याजवळ तळाशी घासून आणि फुटून बरीच एनर्जी आधीच गेलेली असते.

तर २०-३० हा आकडा उघड्या महासागराकडे तोंड असलेल्या, वर्षभर खवळलेल्या किनाऱ्यांचा आहे. तुमच्या फ्लोटसाठी एक मध्यम दिवस घेऊ, उंची १.५ मीटर, पीरियड ७ सेकंद. ०.४९ × २.२५ × ७ म्हणजे ७.७ किलोवॅट प्रति मीटर. फ्लोट २ मीटर रुंद, म्हणजे त्याच्या समोरून १५.४ किलोवॅट जातायत. इथपर्यंत सगळे येतात, मग ७०-८० टक्के एफिशियन्सी लावून १०-१२ लिहून मोकळे होतात. पण फ्लोट म्हणजे पवनचक्की नव्हे की समोरून गेलं त्यातलं इतके टक्के काढलं, त्याचा हिशोब वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होतो.

गंमत म्हणजे थिअरीमध्ये तुमचा फ्लोट स्वतःच्या रुंदीपेक्षा *जास्त* लाट खाऊ शकतो. १९७० च्या दशकात नॉर्वेचे बुडाल आणि फाल्नेस वगैरे मंडळींनी हे दाखवलं, की वरखाली हलणारा गोल फ्लोट जास्तीत जास्त लाटेच्या लांबीचा ६.२८ वा भाग एवढ्या रुंदीची एनर्जी घेऊ शकतो, फ्लोटचा व्यास कितीही असो. ७ सेकंदांच्या लाटेची लांबी ७६ मीटरच्या आसपास, म्हणजे १२ मीटर रुंदी, म्हणजे ९० किलोवॅटच्या वर! हे वाचून बऱ्याच जणांचे डोळे चमकतात. पण त्यासाठी २ मीटरच्या फ्लोटला लाटेच्या कितीतरी पट वरखाली व्हावं लागेल, म्हणजे पाण्याबाहेर उडी मारून परत पूर्ण बुडी मारण्याच्याही पलीकडे. ते होत नाही. लहान फ्लोटची मर्यादा त्याची हालचाल आहे, लाटेची पॉवर नाही.

म्हणून सरळ बल गुणिले वेग असं बघा. १.५ मीटरच्या मिसळलेल्या समुद्रात जेवढी एनर्जी असते तेवढीच १.०६ मीटर उंचीच्या एकसारख्या लाटेत असते, म्हणजे माथा शांत पाण्याच्या ५३ सेंटीमीटर वर. फ्लोटचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. फ्लोट जागेवर धरून ठेवला तर माथ्याला ५३ सेंटीमीटर जास्तीचं पाणी त्याला वर ढकलणार, साधारण १.७ टनाचं बल. मोठं वाटतं ना? पण धरून ठेवला तर वेग शून्य, पॉवर शून्य. उलट मोकळा सोडला तर तो लाटेबरोबर बुचासारखा मस्त वरखाली होतो, वेग आहे पण ओढायला काही नाही, परत पॉवर शून्य. जनरेटरचा रोध या दोन्हींच्या मधे कुठेतरी सेट करायचा. तुमचा फ्लोट १ मीटर बुडालेला आहे आणि जनरेटर फिरवणारा दोर समुद्रतळाला घट्ट बांधलाय असं धरून मी गणित केलं तर सगळ्यात चांगल्या सेटिंगला तो मधल्या जागेपासून वर ४२ आणि खाली ४२ सेंटीमीटर हलतो आणि दोरावर सरासरी २.२ किलोवॅट येतात. १५.४ मधले २.२, म्हणजे १४ टक्के. वरखाली होणाऱ्या फ्लोटसाठी १०-२० टक्के ही नेहमीची रेंज आहे, तेव्हा तुमचा फ्लोट काही वाईट नाही.

एवढं कमी का, तर तो लाटेशी सुरात नाही. हे घरच्या घरी नाही पण शांत पाण्यात सहज बघता येतं, फ्लोट दाबून सोडायचा आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. २ मीटर व्यास, १ मीटर बुडालेला, तर साधारण २.४ सेकंद येईल. लाट ७ सेकंदांची. लाटेपेक्षा तो खूपच चपळ आहे, त्यामुळे रेझोनन्स नावालाही नाही. रेझोनन्स आणायला फ्लोटला प्रचंड जड किंवा खोल करावं लागतं, किंवा लॅचिंग, म्हणजे प्रत्येक लाटेत वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला क्षणभर ब्रेक लावून धरायचं आणि बरोबर वेळेला सोडायचं. तेही बुडाल-फाल्नेस यांचंच काम. मॉडेलवर छान चालतं, पण पुढची लाट कशी येतेय ते काही सेकंद आधी कळावं लागतं आणि ब्रेक वर्षाला लाखो वेळा टिकावा लागतो, त्यामुळे पहिल्याच डिव्हाइसमध्ये त्याच्या नादी लागू नका.

आता यातून एक गोष्ट निघते जी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि फारशी कोणी सांगत नाही. लाटेची पॉवर पीरियडच्या सम प्रमाणात वाढते. पण असा बिनसुराचा लहान फ्लोट जी पॉवर काढतो ती पीरियड वाढला की *कमी* होते, कारण बल तेवढंच पण हालचाल सावकाश. तीच १.५ मीटर उंची, पण दुरून आलेला १० सेकंदांचा स्वेल असेल तर प्रति मीटर ७.७ चे ११ किलोवॅट होतात आणि तुमच्या दोरावर मात्र २.२ चे दीडच्या आसपास राहतात. म्हणजे नकाशावर जास्त किलोवॅट प्रति मीटर दाखवणारी जागा लहान फ्लोटसाठी चांगली असेलच असं नाही! जागा बघताना नुसता प्रति मीटरचा आकडा नको, उंची आणि पीरियड वेगवेगळे मागा.

पुढे २.२ मधून वजाबाकी. खऱ्या लाटा एकसारख्या नसतात, एक मोठी मग तीन बारक्या, एकच रोध सगळ्यांना जमत नाही, तिथे दीडपर्यंत येता. मग दोर, ड्रम, गिअर किंवा हायड्रॉलिक, जनरेटर, रेक्टिफायर, सगळं मिळून ६०-६५ टक्के हाती लागलं तर चांगलं म्हणायचं, कारण पॉवर सलग येत नाही, प्रत्येक लाटेत दोनदा शून्यावर जाते आणि मधे सरासरीच्या कितीतरी पट उसळते. जनरेटर उसळीला पुरेल एवढा मोठा घ्यावा लागतो आणि मोठा जनरेटर कमी लोडवर वाईट चालतो. म्हणून १ किलोवॅट.

वर्षाचं बघू, एक कल्पित समुद्र घेऊन. निम्मा वेळ ०.५ मीटर आणि ५ सेकंद, ४० टक्के वेळ वरचा मध्यम दिवस, १० टक्के वेळ ३ मीटर आणि ९ सेकंद. प्रति मीटर अनुक्रमे ०.६, ७.७ आणि ४० किलोवॅट, सरासरी ७.४, आणि बघा, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्या १० टक्के खवळलेल्या दिवसांचा आहे. पण तुमचा फ्लोट नेमका तेव्हाच स्ट्रोक संपून स्टॉपरवर आदळत असणार, म्हणून तिथे २ किलोवॅटला कॅप. शांत दिवसात घर्षणातच बरंच जातं, १०० वॅट धरा. ०.०५ अधिक ०.४ अधिक ०.२, म्हणजे ०.६५ किलोवॅट, आणि २० टक्के वेळ दुरुस्तीसाठी बंद धरलं तर ०.५२. वर्षाला साडेचार हजार युनिट. समोरून गेलेल्यातले साडेतीन टक्के.

मोडतं कुठे तेही सांगून ठेवतो. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, त्यामुळे फ्लोट खाली येताना ड्रमच्या स्प्रिंगने दोर तितक्याच वेगाने गुंडाळला नाही तर तो सैल पडतो आणि पुढच्या लाटेला खाडकन ताणला जातो. टँकमध्ये लोड सेलचा, म्हणजे दोराचा ताण मोजणाऱ्या सेन्सरचा, ग्राफ बघताना हे लगेच कळतं, ताण काही क्षण शून्यावर सपाट चिकटतो आणि मग सुईसारखा एक उंच काटा येतो, सरासरीच्या चार-पाच पट सुद्धा. असे काटे दिसले की बाकीचं सगळं थांबवून आधी स्प्रिंग कडक करा, कारण दोर तुटतो तो तिथेच, आणि तुटण्याआधी बेअरिंग जातं. त्यात समुद्रात दोर पुलीवरून जातो त्या एकाच हातभर तुकड्यावर दिवसाला बारा हजारांच्या आसपास हेलकावे होतात, म्हणून तो तुकडा अधूनमधून सरकवायची सोय ठेवा.

आणि लहान वेव्ह डिव्हाइस चालतच नाहीत असं नाही हं. जपानच्या योशिओ मासुदा यांनी १९६० च्या दशकात लाटेवर चालणारे दिव्याचे बोया केले, आत हवा दाबून छोटी टर्बाइन फिरते, आणि ते विकले गेले, वापरले गेले. पण त्यांना हवे होते थोडेसेच वॅट, दिवा आणि बॅटरी पुरते. तुम्हालाही सेन्सर, कॅमेरा, रेडिओ असं काही समुद्रातच चालवायचं असेल तर २ मीटरचा फ्लोट भरपूर झाला, उलट १ मीटरचा करा. किनाऱ्यावर वीज आणून १० किलोवॅट हवे असतील तर मध्यम दिवसाच्या हिशोबानेच असे दहा फ्लोट, दहा दोर आणि समुद्राखालची केबल, आणि त्यात केबलचाच खर्च बाकी सगळ्याच्या वर जाऊ शकतो.