ताळेबंदात यंत्रसामग्री ५०० वरून ६२० झाली, म्हणजे १२० ने वाढली. मग कॅश फ्लोमध्ये खरेदी १९० कशी?

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. ताळेबंदातल्या नुसत्या वजाबाकीतून खरेदी कधीच निघत नाही. बाकीचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून मी धरतो: वर्षाचा घसारा ८०, आणि एक जुनं यंत्र ४२ ला विकलं, ज्याची पुस्तकी किंमत ३० होती.

आता सुरुवातीच्या ५०० मधून घसाऱ्याचे ८० आणि विकलेल्या यंत्राचे ३० गेले की उरतात ३९०. शेवटी ६२० दिसतायत, म्हणजे वर्षात २३० ची भर पडली. विक्रीचे ४२ गुंतवणुकीच्या भागात येतात आणि त्यातला १२ चा नफा वरच्या ऑपरेटिंगच्या भागात निव्वळ नफ्यातून वजा होतो, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल.

पण भर २३० आणि कॅश फ्लोत १९०! मधले ४० शोधायला देण्यांच्या नोट्स उघडा. तिथे 'क्रेडिटर्स फॉर कॅपिटल गुड्स' अशी ओळ सापडेल. यंत्र आलं, ताळेबंदात चढलं, पैसे अजून दिलेले नाहीत.

खरी गडबड इथेच होते. समजा एकूण देणी १५० वरून २१५ झाली. पुष्कळ जण हे सगळे ६५ ऑपरेटिंगमध्ये वाढ म्हणून धरतात आणि खरेदी २३० दाखवतात. बरोबर मांडणी अशी की ६५ मधले यंत्राचे ४० वगळून ऑपरेटिंगमध्ये फक्त २५ आणि खरेदी १९०. गंमत बघा, दोन्हीकडे निव्वळ परिणाम उणे १६५ च येतो. अखेरची रोख पैशापर्यंत जुळते, आणि तरी धंद्यातून आलेली रोख ४० ने फुगलेली असते. म्हणून 'टॅली झालं ना, मग झालं' म्हणणाऱ्यांशी माझं कायमचं वाजतं. टॅली होण्यातून फक्त बेरीज कळते. कुठली रक्कम कुठल्या भागात पडली ते कळत नाही. १२ चा नफा वजा करायला विसरलात तर रोख जुळणार नाही आणि चूक लगेच हाती लागेल. ही ४० ची मात्र स्वतःहून कधीच वर येत नाही.

उलटंही होतं. यंत्रासाठी आगाऊ दिलेली रक्कम कॅश फ्लोत गुंतवणुकीत दिसते, पण ताळेबंदात ती यंत्रसामग्रीत नसून कॅपिटल अॅडव्हान्समध्ये असते. तेव्हा रोख खरेदी भरीपेक्षा जास्त निघते.

एक राहिलं. वर्षात दुसरी कंपनी विकत घेतली असेल, परदेशी उपकंपनीचे आकडे विनिमय दराने बदलले असतील किंवा भाडेपट्ट्याची मालमत्ता त्याच ओळीत धरली असेल, तर वरचं गणित इतकं सरळ चालणार नाही. अशा वेळी आधी स्थिर मालमत्तेच्या तक्त्यातले भर, वजावट आणि इतर समायोजन हे रकाने वेगवेगळे वाचा.