सिंगापूरची ऑफर नाकारायची आहे, पण कशी आणि कधी?

प्रश्न: मी ३४ वर्षांची. पुण्यातल्या एका कंपनीचं सप्लाय चेनचं काम कोल्हापुरातून, घरूनच करते. सिंगापूरच्या कंपनीची ऑफर आली आहे, महिना ८,५०० सिंगापूर डॉलर. यजमान ३८ वर्षांचे, धातुशास्त्राचे इंजिनिअर. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटी बघतात. मुलगी पहिलीत आहे. एचआरच्या बाई म्हणतात, ‘मिस्टरांना डिपेंडंट पास मिळेल, इथं आल्यावर नोकरी बघता येईल.’ दोघांनी दोन देशांत राहायचं नाही हे आमचं पक्कं आहे. ऑफर सोडावी असं मला वाटतं, पण घरात आणि मैत्रिणींत सगळे वेड्यात काढताहेत. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: वेगळं राहायचं नाही, हे तुम्ही ठरवूनच लिहिलं आहे, तेव्हा त्यावर मी काही बोलणार नाही. एचआरच्या त्या एका वाक्याकडे मात्र नीट बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

‘नोकरी बघता येईल’ हे खोटं नाही. नोकरी बघता येते. करता येईल की नाही, ही वेगळी गोष्ट. पूर्वी डिपेंडंट पासवर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी मिळाली की मालक एक संमतीपत्र काढायचा आणि काम सुरू व्हायचं. १ मे २०२१ पासून ते बंद झालं. आता डिपेंडंट पासवाल्याला नोकरी करायची तर नव्या मालकानं त्याच्यासाठी स्वतंत्र वर्क पास काढावा लागतो, भारतातून थेट बोलावलेल्या माणसाचा काढतात तसाच. संमतीपत्र आता मुख्यतः स्वतःचा धंदा करणाऱ्यांना मिळतं. त्यासाठी कंपनीत किमान ३० टक्के हिस्सा हवा आणि एका तरी स्थानिक माणसाला पगारी नोकरीवर ठेवायला हवं. तिथे बऱ्याच वर्षांपासून असलेली ओळखीची माणसं तुम्हाला सांगतील, ‘अहो, माझ्या मिसेसला लगेच मिळालं होतं.’ ती २०२१ च्या आधीची गोष्ट सांगत असतात.

आता तुमच्या यजमानांची केस त्या नियमात बसवून बघू. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे वरच्या पगाराच्या नोकऱ्यांचा वर्क पास. त्यासाठी किमान पगार २०२५ पासून ५,६०० डॉलर आहे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो आकडा नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या पोरांचा. वय वाढेल तसा तो चढतो आणि पंचेचाळिशीला १०,७०० वर जातो. बँकिंग-फायनान्समध्ये त्याहून जास्त. अडतिसाव्या वर्षी तो साधारण ९,००० च्या घरात येतो. म्हणजे सिंगापुरात कुणी तरी तुमच्या यजमानांना तुमच्यापेक्षा जास्त पगार द्यायला तयार असेल, तरच हा पास निघेल. त्यांच्या कामाबद्दल मला शंका नाही. कास्टिंगमधला ब्लो होल कुठून आला हे ओळखणाऱ्या माणसाची किंमत शिरोलीत सगळ्यांना माहीत आहे. पण कोल्हापुरात रांगेनं फौंड्र्या आहेत, सिंगापुरात नाहीत. तिथे त्यांना विमानाचे सुटे भाग, तेल-वायूची यंत्रं अशा ठिकाणी तपासणीचं काम शोधावं लागेल आणि सुरुवात बहुतेक खालच्या पायरीवरून करावी लागेल. खालच्या पायरीला ९,००० कोण देणार?

पगार जमला तरी पुढे गुणांची चाळणी आहे. त्याला कॉम्पास म्हणतात, चाळीस गुण लागतात. त्यातले काही गुण उमेदवाराच्या हातातच नसतात. कंपनीत एकाच देशाची माणसं आधीच जास्त असतील तर त्या देशाच्या नव्या माणसाला तिथे शून्य मिळू शकतं. भारतीयांनी भरलेल्या ऑफिसात आपल्या माणसाची ओळख लागते खरी, पण कॉम्पासच्या कागदावर तीच ओळख नडते.

एस पास हा खालचा दरवाजा आहे, मधल्या पगाराच्या नोकऱ्यांचा वर्क पास. त्याला ३,३०० पासून पुढे, वयानुसार ४,८०० पर्यंत पगार लागतो. पण तिथे कोटा आहे. एस पासवाले कारखानदारीत एकूण माणसांच्या १५ टक्के, सेवा क्षेत्रात १० टक्के एवढेच ठेवता येतात, शिवाय मालकाला प्रत्येकामागे दरमहा ६५० डॉलर लेव्ही सरकारला भरावी लागते. कोटा भरलेला असेल तर मालकाची कितीही इच्छा असू दे, तो काही करू शकत नाही. तुमच्या यजमानांचा खरा मार्ग हाच, आणि तो कुठल्या कंपनीत कधी मोकळा होईल हे इथून कुणालाच सांगता येणार नाही.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या वेबसाइटवर पात्रता तपासायचं साधन आहे, सेल्फ-असेसमेंट टूल. आज रात्री जेवणं झाली की दोघांनी बसून यजमानांचं वय, पदवी आणि वास्तवात मिळेल असा पगार त्यात भरा. मनातला नको, वास्तवातला भरा.

पैशांकडे आता उलट बाजूनं बघू, कारण तुम्हाला वेड्यात काढणाऱ्यांचा सगळा भर त्यावर असणार. तुमचा पत्रासोबतचा हिशोब मी पुन्हा मांडला. ८,५०० मधून आयकर महिन्याला ४९० च्या आसपास, भाडं ३,२००, शाळा १,५००, घरखर्च आणि प्रवास १,६००, विमा ३००. हातात राहतात साधारण १,४००. त्यातून राजारामपुरीच्या फ्लॅटचा हप्ता आणि सासूबाईंचा औषधपाण्याचा खर्च जातो, आणि मग पाच-सहाशे उरतात. म्हणजे ओढाताण होईल, पण एका पगारात संसार चालतो. म्हणून ‘परवडत नाही’ हे कारण कुणाला सांगू नका. ते खरं नाही, आणि ऐकणारा लगेच पगार वाढवून मागायला सांगेल.

तुम्ही पत्रात न लिहिलेली एक गोष्ट मात्र मला जास्त टोचते. तुमचा पासही एम्प्लॉयमेंट पासच असणार, तेव्हा वयाप्रमाणे चढणारी किमान पगाराची ती पायरी तुम्हालाही लागू आहे. चौतिसाव्या वर्षी ती ८,१०० च्या पुढे आहे, तुम्ही ८,५०० वर जेमतेम वर आहात. पहिला पास जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही छत्तीस वर्षांच्या असाल आणि आजच्याच तक्त्यात ती पायरी ८,६०० च्या आसपास जाते. सरकार मधल्या काळात तक्ता वर नेतं, ते वेगळंच. तोवर पगार वाढला नाही तर तुमचाच पास अडेल, आणि डिपेंडंट पास तुमच्या पासाला बांधलेले असतात. तुमचा रद्द झाला की तिघांचे रद्द. आवराआवर करायला साधारण तीस दिवस मिळतात. अशा वेळी यजमानांची फौंड्रीतली जागा कधीच भरलेली असेल.

तेव्हा नाकारायला माझी हरकत नाही. फक्त नाही म्हणण्याआधी एचआरला दोन गोष्टी ईमेलनं विचारा, फोनवर नको. दोन वर्षांनी पास नव्यानं काढताना पगार त्या वयाच्या किमान पायरीपर्यंत आणायची कंपनीची तयारी आहे का? आणि हेच काम कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या देशातल्या ऑफिसातून करता येईल का? दुसरा प्रश्न उगाच नाही. जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांच्या नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, आणि त्याच्या व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही मागत नाहीत. कास्टिंगवाल्या माणसाला तो देश सिंगापूरपेक्षा जवळचा आहे. तुमच्या ऑफर लेटरवर खाली म्युनिकचा पत्ता छापलेला आहे, म्हणून सुचवलं.

उत्तर उडवाउडवीचं आलं, किंवा ‘इथं आल्यावर बघू’ असं आलं, तर गुरुवारी नाही सांगून टाका. शुक्रवारची संध्याकाळ गाठू नका. आधी ज्या मॅनेजरनं तुमची मुलाखत घेतली त्याला फोन करा, आणि फोन ठेवल्यावर लगेच एचआरला ईमेल, मॅनेजरला त्यात ठेवून. सही झाली नसेल तर एवढ्यावर काम भागतं. सही झाली असेल तर पत्रातलं नोटीसचं कलम आधी वाचा, रुजू होण्याआधी माघार घेतली तर काही भरावं लागतं का ते तिथेच असतं. पासचा अर्ज कंपनीनं घातला असेल तर तो मागे घ्यायला लेखी सांगा. अर्ज त्यांचा असतो, तुम्हाला तो मागे घेता येत नाही.

ईमेलमध्ये ‘कौटुंबिक कारणामुळे’ एवढंच लिहून मोकळ्या होऊ नका. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. सासूबाई आजारी आहेत, की तुम्हाला दुसरी नोकरी लागली? सरळ लिहा, ‘काम आणि पगार दोन्ही मला मान्य आहेत. माझ्या पतीला सिंगापुरात काम करण्याचा हक्क डिपेंडंट पासवर मिळत नाही, आणि आम्ही वेगळं राहणार नाही. त्यामुळे ही जागा मला घेता येत नाही. पतीला काम करता येईल अशा ठिकाणी पुढे जागा निघाली तर मला जरूर कळवा.’ एवढं पुरे. माफी मागत बसू नका आणि ‘कदाचित’, ‘सध्या तरी’ असले शब्द घालू नका. घातलेत की एचआर पुन्हा फोन करून पंधरा दिवस मुदत देईल, आणि तुम्ही पंधरा दिवस जीव टांगून बसाल.

हे कारण लिहून ठेवण्याचा एक फायदा आहे. सहा महिन्यांनी त्याच कंपनीत दुसऱ्या देशाची जागा निघाली तर मॅनेजरला आठवण्यासारखं काही तरी असतं. नुसतं ‘नाही म्हणाली’ एवढंच आठवलं तर तो पुन्हा विचारणार नाही.

आता घरचं. कोल्हापुरात अशी बातमी गल्लीत पोचायला वेळ लागत नाही, आणि ती ‘नवऱ्यानं बायकोला जाऊ दिलं नाही’ अशीच पोचते. नवरा तिकडं घरी बसला असता तर ‘बायकोच्या जिवावर’ हेही ऐकू आलंच असतं, तेव्हा त्याला फार भीक घालू नका. पण सासूबाईंना तुम्ही स्वतः सांगा, आणि यजमान समोर असताना सांगा. कायद्याचं लांबण लावू नका. ‘ह्यांना तिथं काम करायची परवानगी नाही, ती मिळेल का ते ठरलेलं नाही’ एवढ्यात त्यांना समजेल. मुलीला सिंगापूरचं आधीच सांगितलं असेल तर आता जायचं नाही हे तिच्या बाबांनीच तिला समजावून सांगावं, म्हणजे तिच्या मनात बाबांच्या नावावर ते जमा होणार नाही.

पुण्यातल्या कंपनीत तुम्ही अजून राजीनामा दिलेला नाही, असं पत्रावरून वाटतं. दिला असेल तर आजच्या आज मॅनेजरशी बोला. नोटीसचा काळ सुरू आहे तोवर तो मागे घ्यायची विनंती करता येते, त्यांनी तुमच्या जागी माणूस नक्की केला की कठीण होतं. आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर या महिन्यात महापालिकेतून काढून घ्या. तुमच्या पत्रात ‘लग्नपत्रिका आणि फोटो आहेत’ असं लिहिलंय. पुढे जर्मनी असो की आणखी कुठला देश, यजमानांच्या फाइलमध्ये पहिला कागद तोच मागतात.