कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला मायक्रोमीटर लाइनवर सापडतो, काय करावं?

प्रश्न: "टूल क्रिबमधून मायक्रोमीटर, व्हर्नियर देतो, रजिस्टरही आहे. तरी ड्यू डेट उलटलेलं इन्स्ट्रुमेंट लाइनवर सापडतं. कसं थांबवू?"

उत्तर: तारीख देताना बघा, पण आजची नव्हे, परत येण्याच्या दिवसाची. समजा MIC-014 ची ड्यू डेट 20 आहे. ऑपरेटरने 17 ला नेला, तेव्हा स्टिकर ठीकच होतं. त्याने 24 ला परत दिला, म्हणजे शेवटचे चार दिवस तो मुदतीबाहेर चालला. म्हणून इन्स्ट्रुमेंट फक्त शिफ्टपुरतं द्या. जास्त दिवस द्यायचंच असेल, तर तेवढे दिवस शिल्लक आहेत का ते एक्सेललाच विचारा (C2 ड्यू डेट, D2 परतीची तारीख):

```
=IF(D2>C2,"देऊ नका","द्या")
```

रजिस्टरमध्ये जॉब नंबरचा रकाना हवाच. तो बहुतेक ठिकाणी नसतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते. कॅलिब्रेशनमध्ये मायक्रोमीटर चुकीचा निघाला, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्याने मोजलेले जॉब शोधून पुन्हा तपासावे लागतात. नुसत्या ऑपरेटरच्या नावावरून ते सापडत नाहीत.

परत घेताना तोंडं पुसून रॅचेटने बंद करा, शून्य जुळतं का बघा, मग 10 मिमीचा स्लिप गेज मोजा. शून्य बरोबर आणि 10 चुकीचं आलं, तर स्क्रू झिजलेला असू शकतो. असा पीस लाल टॅग लावून वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवा. रॅकवर राहिला तर रात्रपाळीला कोणीतरी उचलतोच.