रविवारचे सातशे रुपये की अभ्यास? हिशेब कसा मांडायचा

"मॅडम, मी नाशिकला रूमवर राहून बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत सीए फाउंडेशन देणार आहे. मैत्रिणीबरोबर रविवारी केटरिंगला गेले तर ७०० रुपये मिळतात. गेले नाही तर पैसे बुडाल्यासारखं वाटतं, गेले तर अभ्यास बुडाल्यासारखं वाटतं. दर शनिवारी रात्री हाच घोळ. काय करू?"

ओळख पटू नये म्हणून या मुलीचे काही तपशील बदलले आहेत, हिशेब मात्र तिच्यासारख्या मुलांसोबत बसून आम्ही करतो तोच आहे.

एखादा पर्याय निवडला की सोडून दिलेल्या पर्यायांपैकी जो सर्वांत चांगला, त्याची किंमत म्हणजे संधी खर्च. सर्वांत चांगला, आणि तोही एकच. ही मुलगी रविवारी कामाला गेली की अभ्यास, झोप, गावाकडची चक्कर, कपडे धुणं असं सगळंच गेल्याचं दुःख करायची. एका दिवसात हे सगळं झालंच नसतं, म्हणून त्याची बेरीज करता येत नाही. (ही संकल्पना फाउंडेशनच्या चौथ्या पेपरात, व्यवसाय अर्थशास्त्रात येते. तिने ती पाठही केली होती.)

पहिलं काम पैशाची बाजू खरी करण्याचं. ७०० रुपये हा ठेकेदाराने सांगितलेला आकडा. सकाळी साडेनऊला रूम सोडायची, रात्री साडेअकराला परत. जाताना बसचे २० आणि रात्री बस नसते म्हणून रिक्षाचे ६० वजा केले की हातात ६२० उरतात, तेही १४ तासांचे. तासाला साधारण ४४ रुपये.

दुसरी बाजू अभ्यासाची, आणि गफलत बहुतेक इथेच होते. "रविवारी दिवसभर अभ्यास करते" असं ती म्हणाली. आम्ही तिला तीन रविवार वहीत वेळ टिपून ठेवायला सांगितली. पुस्तक उघडं आहे पण हातात मोबाइल आहे, तो वेळ धरायचा नाही, एवढाच नियम. सरासरी निघाली ५ तास. म्हणजे कामाला गेल्याने १४ तासांचा अभ्यास बुडत नव्हता, ५ तासांचा बुडत होता. पण आणखी एक गोष्ट वहीत दिसली. कामाच्या रविवारनंतर सोमवारचा सकाळी सातचा क्लास चुकायचा, तो २ तासांचा. एकूण गेले ७ तास. ६२० भागिले ७, म्हणजे अभ्यासाचा एक तास ती जेमतेम ८९ रुपयांना विकत होती.

८९ रुपये स्वस्त की महाग, हे त्या तासात काय मिळतं त्यावर ठरतं. फाउंडेशनला चार पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ४०० पैकी २०० हवेत, एकाच बैठकीत. तिच्या सराव परीक्षेचे गुण होते ५२, ४९, ३४ आणि ५८, बेरीज १९३. अडलेला पेपर तिसरा, गणित, तर्क आणि सांख्यिकीचा. त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तिची ४३ उत्तरं बरोबर होती आणि ३६ चुकली होती, म्हणून ४३ वजा ९, हातात ३४.

या ३६ पैकी सहा जरी बरोबर आली तरी सहा गुण वाढतात आणि कापलेला दीड परत मिळतो. ३४ चे साडेएकेचाळीस होतात आणि एकूण बेरीज २००.५. चुका तपासल्या तर अकरा चुका दोनच प्रकरणांतल्या होत्या, आर्थिक गणित आणि संभाव्यता. आता तिच्या रविवारला चेहरा आला. तीन-चार रविवार म्हणजे ती दोन प्रकरणं, त्यानंतर पूर्ण पेपर आणि त्याची तपासणी. बाकीचे दिवस कॉलेज आणि क्लासमध्ये कापले जातात. सलग पाच तास रविवारीच मिळतात, म्हणून रविवारचा तास मंगळवारच्या सुट्या अर्ध्या तासांनी भरून निघत नाही.

नापास झाल्याचा खर्च धरतानाही चूक होते. तिने चार महिन्यांचं रूमभाडं आणि मेस धरली होती. पण बी.कॉम.साठी ती नाशिकला राहणारच आहे, ते पैसे पास झाली तरी जाणार. क्लासची भरलेली फीसुद्धा धरायची नाही, ती कुठल्याच निर्णयाने परत येत नाही. धरायचं ते परीक्षेचं पुन्हा भरावं लागणारं शुल्क, आणि इंटरमीजिएट, आर्टिकलशिप, पहिला पगार हे सगळंच पुढच्या प्रयत्नापर्यंत, म्हणजे चारेक महिने, पुढे ढकललं जाणं.

मग कामाला जायचंच नाही का? तसंही नाही. तिचा महिन्याचा खर्च रूम १८००, मेस २६००, बस आणि रिचार्ज ६००, मिळून ५०००. घरून येतात ४०००. तूट १००० ची. दोन रविवारांत १२४० मिळाले की ती भरते. ते दोन रविवार टाळले तर भाडं थकतं, आणि रूम गेली तर अभ्यासच थांबतो. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारचे पैसे मात्र नव्या मोबाइलसाठी साठत होते. रविवार तेवढाच महाग, पण बदल्यात मिळणारी गोष्ट फार हलकी. ते दोन तिने लगेच सोडले.

उरलेल्या दोन रविवारांसाठी प्रश्न असा होता: हजार रुपये याहून कमी अभ्यास बुडवून मिळतील का? शेजारच्या इमारतीतल्या अकरावीच्या दोन मुलांना बुककीपिंग शिकवायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी दीड तास, प्रत्येकी महिना ५००. महिन्याचे सहा तास, आणि रोजकीर्द-खतावणी शिकवताना तिच्या पहिल्या पेपरची उजळणीही होत होती. पहिल्या महिन्यात मात्र एकच मुलगा आला, तेव्हा उरलेल्या ५०० साठी तिने एक रविवार केटरिंग केलं. तो रविवार तिने ऑक्टोबरच्या सुरुवातीचा निवडला, कारण तेव्हा क्लासमध्ये अभ्यासक्रम चालूच होता आणि पूर्ण पेपर सोडवण्याची वेळ आलेली नव्हती.

केटरिंगच्या कामात एक पेच आहे, तो या मुलांनी आधीच ओळखावा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, ठेकेदाराचे फोन वाढतात, दरही वाढतो. जानेवारीच्या परीक्षेचे सराव पेपर नेमके त्याच आठवड्यांत असतात. डिसेंबरमध्ये तिला ९०० रुपये देऊ केले. खर्च वजा जाता ८२०, सात तासांना भागले तर ११७. आकडा चांगला दिसतो, पण तोपर्यंत तासाची किंमतही वाढली होती: शेवटच्या सराव परीक्षेत तिसऱ्या पेपरात ३९ होते, एक गुण कमी. शिकवणीतून तूट भरली होती. तिने नाही म्हटलं.

याच पद्धतीने दुसऱ्या मुलाचं उत्तर उलटंही येऊ शकतं. वहीत रविवारचा खरा अभ्यास दीड तासच निघत असेल, सोमवारचा क्लास चुकत नसेल आणि घरचं भाडं थकलेलं असेल, तर त्या महिन्यात कामाला जाणंच योग्य. तो दीड तास शनिवारी रात्री काढता येतो. म्हणून आधी तीन रविवारांची नोंद करा, मग महिन्याची तूट लिहा, आणि निर्णय एका महिन्यापुरताच घ्या. पुढची सराव परीक्षा झाली की नवे गुण घालून हिशेब पुन्हा मांडायचा.